सिमेंटच्या कुंड्यांना तडे आणि पांढरी पूड

प्रश्न: नाशिकला घरी कुंड्या ओततोय. आठवड्यात तडे जातात, बाहेर पांढरी पूड येते. मिश्रण आणि सीलर कोणता?

उत्तर: एक भाग पीपीसी सिमेंट, दोन भाग धुतलेली क्रश सँड, दोन भाग ६ मिमी खडी घ्या, आणि पाणी कमी करा. १० किलो सिमेंटला साडेचार लिटरच्या आसपास पुरतं. मुठीत दाबलेला गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. जास्तीचं पाणी उडून गेलं की कुंडी आकसते आणि काठापासून तडकते. न धुतलेल्या क्रश सँडमधली भुकटीही पाणी मागते. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात हे लवकर होतं, म्हणून साचा सावलीत ठेवा, काढल्यावर दहा-बारा दिवस ओलं गोणपाट गुंडाळा. पांढरी पूड म्हणजे सुटा चुना. पीपीसीतली फ्लाय ॲश तो बराचसा बांधते, पण सावकाश. म्हणूनच क्युरिंग अर्धवट सोडू नका. नंतर आठवडाभर कुंडीत पाणी भरून दर दोन दिवसांनी बदला. वाळल्यावर आतून सिमेंट-पॉलिमर वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या. फक्त बाहेरून रंगवलं तर ओल आतून येऊन रंगाचे फुगे धरतात. मात्र गार्डेनियासारख्या आम्ल माती लागणाऱ्या झाडाला एवढं करूनही मातीचीच कुंडी बरी.