तीन डॅशबोर्ड, तीन उंबरठे आणि एक घरघंटी

प्रश्न: माझ्या छोट्या मराठी साइटवर तीन ॲड नेटवर्क आहेत. तिन्हीकडे थोडे थोडे पैसे दिसतात, पण खात्यात काहीच येत नाही. असं का होतं, आणि सगळ्यांचा एकत्र हिशोब ठेवायला कोणतं ॲप चांगलं?

ॲपचं नंतर. आधी दोन नेटवर्क काढून टाका. तुम्ही जे करताय ते मी २०२२ साली पूर्ण नऊ महिने केलंय, आणि त्यापायी आमच्या घरात दिवाळीनंतर जे झालं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये.

माझी पाककृतींची साइट आहे. तेव्हा महिन्याला तिन्ही नेटवर्क मिळून ३६ डॉलरच्या आसपास पडायचे. त्याआधी एकटं गूगलचं ॲडसेन्स होतं आणि ते बरं चाललं होतं. माझे धाकटे दीर कॉम्प्युटरमधले, त्यांच्या डोक्यात आलं, "वहिनी, एकाच विहिरीवर अख्खं शेत कशाला? अजून दोन नेटवर्क लावू, जिथे जास्त रेट मिळेल तिथली जाहिरात दिसेल." मी म्हटलं, भावजी, लावा. फेब्रुवारीपासून तीन झाली. ॲडसेन्सकडे महिन्याला १८, दुसऱ्याकडे १२, तिसऱ्याकडे ६. बेरीज करा, ३६ च. रेट वाढला नाही, पैसे फक्त तीन डब्यांत वाटले गेले.

आता उंबरठे बघा, म्हणजे किती डॉलर साठले की नेटवर्क पैसे पाठवतं ते. ॲडसेन्सचा १०० डॉलरचा. दुसऱ्याचा पण १००, वर नेट-६०, म्हणजे पैसे साठ दिवसांनी. तिसऱ्याचा ५०, नेट-४५. एकटं ॲडसेन्स असतं तर दर तिसऱ्या महिन्याला १०८ झाले असते आणि पुढच्या महिन्यात २१ ते २६ तारखेच्या दरम्यान निघाले असते. म्हणजे मेमध्ये एकदा, ऑगस्टमध्ये एकदा, दिवाळीपर्यंत २१६ डॉलर हातात. प्रत्यक्षात ॲडसेन्सचे १०८ व्हायलाच जुलै उजाडला, ते ऑगस्टमध्ये आले, आणि दिवाळीपर्यंत आलेला तो एकमेव पैसा. निम्मा. बाकीचा उंबरठ्यांच्या अलीकडे बसून होता.

त्या वर्षी दिवाळी २४ ऑक्टोबरला होती. फराळाच्या साइटला ऑक्टोबर म्हणजे सुगी. चकली का विरघळते, अनारसे का हसतात, करंजी का फुटते, रात्री दोन वाजता सुद्धा लोक शोधत होते. कमाई तिप्पट झाली. मी ३१ तारखेला रात्री तिन्ही डॅशबोर्ड उघडून वहीवर बेरीज केली: ॲडसेन्स ९०, दुसरं १३२, तिसरं ६६. एकूण २८८ डॉलर, रुपयात साडेतेवीस हजार. सासूबाईंचं कधीपासून घरघंटीसाठी टुमणं लागलं होतं. दुकानदाराला आधीच दोन हजार देऊन ठेवले होते, दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं, महिनाअखेर बाकीचे देते, तुम्ही घरी पाठवून द्या. त्याने पाठवली.

नोव्हेंबर संपला. एक डॉलर आला नाही.

ॲडसेन्सचे ९० होते, १०० ला दहा कमी. म्हणून अख्खी दिवाळीची कमाई तशीच पुढे सरकली. नोव्हेंबर धरून १०० पार झाले आणि पैसे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आले. दुसऱ्याने ऑक्टोबरमध्ये उंबरठा ओलांडला, पण नेट-६० म्हणजे "आजपासून साठ दिवस" नव्हे, महिना संपल्यापासून साठ दिवस. ३१ ऑक्टोबर अधिक ६०, म्हणजे ३० डिसेंबर. हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं. मी आपली १ ऑक्टोबरपासून मोजत बसले होते. दुकानदार दर सोमवारी फोन करायचा, फार गोड बोलायचा, आणि त्या गोड बोलण्याचीच जास्त लाज वाटायची. शेवटी ह्यांनी पैसे भरले आणि सासूबाई म्हणाल्या, "तुझे ते डॉलर टीव्हीतल्या दागिन्यांसारखे आहेत, दिसतात फक्त."

तिसऱ्याची कथा वेगळी. ६६ झाले होते, म्हणजे १५ डिसेंबरला यायला हवे होते. ८ तारखेला बघितलं तर ४७. एकोणीस डॉलर गायब, आणि ४७ म्हणजे पुन्हा ५० च्या खाली! मेल केला. तीन वेळा तेच छापील उत्तर आलं, चौथ्यांदा एका माणसाने लिहिलं, की अमुक जाहिरातदाराने आम्हाला पैसे दिले नाहीत म्हणून तुमच्या खात्यातून वळते केले. मी म्हटलं, जाहिरात तर दाखवली ना मी? तर अटींच्या पानावर ते वाक्य होतं. नेटवर्कला पैसे मिळाले तरच तुम्हाला मिळणार, आणि आधी दाखवलेले सुद्धा परत घेता येणार.

हे फक्त लहान नेटवर्कचं नाही. जाहिरातदार एजन्सीला देतो, एजन्सी जाहिराती विकत घेणाऱ्या कंपनीला, ती पुढे जाहिरातींच्या बाजाराला, म्हणजे एक्स्चेंजला, एक्स्चेंज नेटवर्कला, नेटवर्क आपल्याला. प्रत्येक जण आपल्या मागच्याचे पैसे यायची वाट बघतो, म्हणून ते ४५-६० दिवस. आणि साखळीतला एक जण बसला की त्याच्या पुढचे सगळे लटकतात. ३० जून २०२३ ला मीडियामॅथ नावाच्या, अशाच जाहिराती विकत घेणाऱ्या अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा मॅग्नाइट आणि पबमॅटिक या दोन मोठ्या एक्स्चेंजचे प्रत्येकी एक कोटी डॉलरहून जास्त तिच्याकडे अडकले होते. तिथे माझे एकोणीस कोण विचारतो.

तर तुमच्या "का" चं उत्तर इतकंच. बहुधा कुणी पैसे खाल्लेले नाहीत. तुमची कमाई उंबरठ्याच्या मानाने पातळ आहे आणि तुम्ही ती अजून पातळ केलीत. माझा हिशोब सरळ आहे: ज्या नेटवर्कवर तीन महिन्यांत उंबरठा ओलांडत नाही, ते तुमच्या साइटला परवडत नाही, रेट कितीही गोड दिसू दे.

काढताना मात्र घाई नको. जे नेटवर्क उंबरठ्याला टेकलंय ते आधी ओलांडू द्या, जाहिरातींची जागा महिनाभर त्यालाच जास्त द्या, पैसे आले की मग काढा. ॲडसेन्समध्ये खातं बंद करताना १० डॉलरच्या वर शिल्लक असेल आणि पत्त्याची, बँकेची पडताळणी झाली असेल, तर १०० नसले तरी साधारण ९० दिवसांत शेवटचा हिशोब देतात. इतरांचं तसं असेलच असं नाही, अटी वाचा. आणि ॲडसेन्सचा पत्ता पडताळायचा पिन पोस्टाने येतो तो १० डॉलर झाल्यावर, तेव्हा पत्ता नीट लिहा. मी "मारुती मंदिराजवळ" एवढंच लिहून पिनकोडमधला एक आकडा चुकवला होता. पहिलं पत्र कुठे गेलं ते मारुतीलाच ठाऊक.

आता हिशोब. ॲप मी दोन वापरून सोडली. ती तिन्ही डॅशबोर्डचे आकडे एका पडद्यावर आणतात, म्हणजे तिन्ही खोट्या आशा एकत्र. डॅशबोर्डवर लिहिलेलं असतं `Estimated earnings`. तो अंदाज आहे. महिना संपल्यावर चुकीचे क्लिक वजा होऊन आकडा पक्का होतो. ॲडसेन्समध्ये साधारण ३ तारखेपर्यंत तो पेमेंटच्या पानावर चढतो. (माझ्या नणंदेने प्रेमापोटी महिनाभर रोज जाहिराती दाबल्या होत्या. तो अंदाज आणि पक्का आकडा यांतला फरक मी विसरणार नाही. तिला अजून वाटतं तिने मदत केली.) रोजचे आकडे जुळवायच्या भानगडीत पडूच नका, एकाचा दिवस अमेरिकेच्या वेळेने उलटतो, दुसऱ्याचा भलत्याच.

मी साधी शीट ठेवते. एका महिन्याची, एका नेटवर्कची एक ओळ. A मध्ये नेटवर्क, B मध्ये महिन्याची १ तारीख, C मध्ये नेटचे दिवस, D मध्ये पक्का आकडा, E मध्ये कधी यायला हवेत, F मध्ये आलेले डॉलर, G मध्ये बँकेत पडलेले रुपये. E साठी हे:

```
=EOMONTH(B2,0)+C2
```

ॲडसेन्सला C मध्ये २६ टाका. हे सूत्र ज्या महिन्यात उंबरठा ओलांडला त्याच ओळीत टाकायचं, आधीच्या ओळींत E रिकामा. तिथेच माझं २०२२ मध्ये चुकलं होतं. आणि कुणाकडे किती बाकी, ते एका कोपऱ्यात:

```
=SUMIFS(D:D,A:A,"AdSense")-SUMIFS(F:F,A:A,"AdSense")
```

कपात झाली की ती D मध्ये वजा चिन्हासह वेगळ्या ओळीत लिहा, जुना आकडा खोडू नका. भांडायची वेळ आली तर तीच ओळ कामाला येते. E ची तारीख उलटून सात दिवस गेले की मेल करा, स्क्रीनशॉट जोडून. पेमेंटच्या पानाचा स्क्रीनशॉट दर १ तारखेला काढून ठेवा, कारण आकडा बदलल्यावर "आधी ६६ होते" हे तुमच्याकडे दुसरं कशाने सिद्ध होणार? आणि एखादं नेटवर्क सलग दोनदा तारीख चुकवून तिसऱ्यांदा उंबरठाच वाढवायला लागलं, तर पुढचं सांगायला मी नको.

G चा रकाना वेगळा का? परदेशातून पैसे आले की बँक स्वतःच्या दराने रुपये करते, वर शुल्क आणि त्यावर जीएसटी कापते. गूगलवर दिसणाऱ्या दराने गुणू नका. पहिल्यांदा आले की शाखेतून "हे कशाचे?" म्हणून फोनही येऊ शकतो. जाहिरातीच्या उत्पन्नाचा पर्पज कोड P1007, तो लिहून ठेवा. लहान शाखांत कॅशियरपासून मॅनेजरपर्यंत सगळे तुमच्याकडे बघतात, तेवढी तयारी ठेवा.

एक राहिलं. भावजी हे वाचणार, म्हणून लिहिते. महिन्याला दोन-तीनशे डॉलरच्या पुढे गेलात तर दोन नेटवर्क ठेवण्यात अर्थ आहे. तेव्हा त्यांच्यात खरंच स्पर्धा लागते, आणि एकाने खातं बंद केलं तर चूल विझत नाही. एकाच विहिरीचं त्यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर होतं. पण ते ३६ डॉलरला म्हणाले होते, तीनशेला नाही. भावजी, तुमच्या तिसऱ्या विहिरीत आजही ४७ डॉलर आहेत. मी मुद्दाम लॉगिन ठेवलंय. सणावाराला तुम्ही घरी आलात की घरघंटीवर मोबाईल ठेवून दाखवते.