दावे किती लढवलेत ते नको, कंपनीचे पैसे किती वाचवलेत ते लिहा

प्रश्न: आठ वर्षं दिवाणी कोर्टात प्रॅक्टिस केली. आता इन-हाउस पदासाठी अर्ज करतोय. कोर्टाचं काम कॉर्पोरेट भाषेत कसं मांडू? की कमीच दाखवू?

कमी अजिबात दाखवू नका. "कोर्टातल्या माणसाला नुसतं भांडता येतं, करार कळत नाही" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही. करार नेमका कुठे उसवतो हे ज्यानं पाहिलंय, त्याच्याइतका तो कोण नीट शिवणार?

पण घोळ अर्ज लिहिणारेही घालतात. "२०० हून अधिक दावे चालवले, उलटतपासणीत प्रावीण्य" यातून कंपनीच्या लीगल हेडला एवढंच कळतं की तुमची डायरी भरलेली असायची. त्यावर "रिस्क मिटिगेशन"चा मुलामा दिलात तर आणखी फसाल. मुलाखतीत पहिलाच प्रश्न येईल: कुठली रिस्क, किती पैशांची, आणि कशानं कमी झाली?

म्हणून एकच दावा निवडा आणि तो उलगडा. समजा, तुमच्या अशिलानं यंत्रं उशिरा पुरवली आणि खरेदीदारानं ८० लाखांचा दावा ठोकला. खरेदीदाराच्या कारखान्यातल्या मॅनेजरनं "दोन आठवडे इकडेतिकडे झाले तरी चालेल" असा मेल केला होता, त्यावर अशील निर्धास्त राहिला. करारात मात्र कलम होतं की मुदतीतला बदल दोन्ही पक्षांच्या सहीनिशीच होईल. बचाव तिथेच लंगडा पडला.

कोर्टाच्या भाषेत याचं "लेखी जबाब दिला, कागदपत्रं शाबीत केली, तडजोड झाली" असं होतं. कंपनीला हवा असतो तुम्ही मनात केलेला हिशोब. हरण्याची शक्यता ६० टक्के धरलीत, तर ८० लाखांचे ४८ लाख झाले. निकालापर्यंतचा पुढचा खर्च ६ लाख धरला की ५४. मग ३५ लाखांत मिटवणं शहाणपणाचं. आतापर्यंत झालेला खर्च यात धरायचा नाही, तो दोन्हीकडे गेलेलाच आहे.

हाच ६० टक्क्यांचा अंदाज फायनान्सवाल्यांनाही लागतो. आंतरराष्ट्रीय लेखामानक ३७ नुसार, पैसे द्यावे लागण्याची शक्यता न लागण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता येत असेल, तर हिशोबात तरतूद करावी लागते. शक्यता त्याहून कमी, पण अगदीच नगण्य नसेल, तर फक्त टीप द्यायची. तरतुदीचा आकडा ४८ असेलच असं मात्र नाही. एकट्या दाव्यात साधारणपणे जो निकाल सर्वांत संभवनीय, त्याची रक्कम पाहतात. हा फरक दोन वाक्यांत सांगू शकलात तर फायनान्सशी तुमचं जमेल हे समोरच्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

आता ओळ अशी होते: "पुरवठ्यातील विलंबाच्या ८० लाखांच्या दाव्यात जोखमीचा लेखी अंदाज दिला, ५ महिन्यांत ३५ लाखांत तडजोड घडवली, त्यानंतर अशिलाच्या नमुना करारातली मुदतबदल आणि विलंबभरपाईची कलमं नव्यानं लिहून दिली."

शेवटचा तुकडा सगळ्यात वजनदार आहे. मुलाखतीत विचारतीलच, काय बदललंत? तर मुदत वाढवायचा अधिकार कुणाला आणि कुठल्या मेलवरून, हे करारातच नोंदवलं. विलंबभरपाईला छत घातलं, उदाहरणार्थ दर आठवड्याला किमतीच्या अर्धा टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के. कलमं प्रत्यक्षात बदलून दिली नसतील तर तसं लिहू नका, दुसऱ्या प्रश्नाला उघडे पडाल. त्याऐवजी कव्हर लेटरमध्ये "या दाव्यावरून मी ही दोन कलमं बदलली असती" असं सरळ लिहा.

"करार ड्राफ्ट करण्याचा अनुभव" या रकान्यापाशी बरेच वकील अडतात. अहो, तडजोडीच्या अटी तुम्हीच लिहिल्यात ना? हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकला तर काय, दोन्हीकडचे हक्क कुठल्या दिवशी संपतात, गुप्तता कशाकशाची: हा करारच आहे, आणि तोही एकमेकांवर काडीचा विश्वास नसलेल्या दोन पक्षांमधला. तो पहिल्या पानावर यायला हवा. दाव्यांची एकूण संख्या तळाला एका ओळीत पुरे.

एक राहिलंच. तडजोड गुप्त असेल तर वरच्यासारखे आकडे देऊ नका. "मागणीच्या निम्म्याहून कमी रकमेत" एवढंही अटींत बसतं का ते आधी तपासा, आणि अशिलाचं नाव तर नकोच. अर्जातच गुपित फोडणाऱ्या वकिलाला कंपनी आपल्या फायली का सोपवेल?