दाजींचे तीन टक्के

प्रश्न: फोनची बॅटरी हेल्थ ८१% दाखवतेय. पूर्ण शून्यावर नेऊन शंभर केली की वाढते म्हणतात, खरंय का?

आकडा वाढेल कदाचित. बॅटरी वाढणार नाही.

सांगलीत माझं मोबाईल रिपेअरचं दुकान आहे आणि याच गोष्टीवरून तासगावच्या दाजींशी माझं दोन वर्षं वाजतंय. त्यांचाही फोन ८१ वर होता. तीनदा बंद पडेपर्यंत उतरवला, तीनदा शंभर केला आणि ८४ आल्यावर घरच्या जेवणात सगळ्यांसमोर फोन नाचवला. "मेव्हणे, झाली की नाही बरी?"

हा आकडा कुठून येतो बघा. आत किती करंट गेला, किती आला हे फोनमधली चिप मोजत असते. फोन थोडा वेळ निवांत पडला की ती व्होल्टेजवरून चार्ज किती टक्के आहे ते ओळखते. समजा निवांत असताना २० टक्के, नंतर ८० टक्के, आणि मधे २४३० एमएएच आत गेले. म्हणजे ६० टक्क्यांना २४३०, तर शंभराला ४०५०. कंपनीची बॅटरी ५०००ची, म्हणून ८१. आता व्होल्टेज वाचण्यात दोन टक्क्यांची चूक झाली आणि चिपने ६० ऐवजी ५८ धरले, तर तेच २४३० एमएएच ८४ टक्के हेल्थ दाखवतात! व्होल्टेजची रेघ मधल्या पट्ट्यात बरीच सपाट असते, तिथे अशी चूक सहज होते.

दाजींच्या हट्टापायी मी आधीच बॅटरी काढून लोड टेस्टरवर उतरवली होती, ४०६० भरली होती. "बरी झाल्यावर" पुन्हा उतरवली, ४०५०. वापरात येणारं लिथियम बॅटरीच्या आत थराथराने अडकून बसतं, ते तुमच्या उतरवण्या-चढवण्याने सुटत नाही. मग पौषात पहाटे द्राक्षबागेत फवारणीला निघताना त्यांनी कॅमेरा उघडला आणि २२ टक्क्यांवर फोन गप्प. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो, थंडीत आणखी वाढतो. जोराचा करंट मागितला की व्होल्टेज खाली कोसळतं.

एक मात्र कबूल करतो. टक्के एकदम उड्या मारत असतील तर एकदा पूर्ण उतरवून चढवावी, चिपचा अंदाज सुधरतो. पण सुधारल्यावर ८१चे ७८ही होऊ शकतात, तेव्हा मला शिव्या देऊ नका. दर आठवड्याला हा उद्योग केलात तर बॅटरी उलट लवकर म्हातारी होते.

दाजींनी शेवटी नवी बॅटरी टाकून घेतली. माझ्याकडून नाही, मिरजेतून.