सिम बदलून बघा, पण आधी वाय-फाय बंद करा

प्रश्न: मला समोरच्याचा आवाज स्वच्छ येतो, पण माझा आवाज त्याला तुटक जातो. दुकानदार म्हणतो नेटवर्क खराब, कंपनीवाले म्हणतात फोन खराब. घरच्या घरी कसं ओळखू?

उत्तर: मी सीताबर्डीला मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर अकरा वर्षं बसतोय. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांनी आधीच कुठेतरी माइक बदलून घेतलेला असतो. बदलणाऱ्याला तसं वाटतं, कारण जाणारा आवाज खराब आणि येणारा चांगला म्हटलं की संशय माइकवरच जातो. पण सिग्नल कमी पडला की नेमकं असंच होतं. टॉवरची ताकद मोठी असते, म्हणून त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतो. तुमच्या फोनने 4G वर जास्तीत जास्त जोर लावला तरी तो साधारण 200 मिलिवॅट, म्हणजे वॅटचा पाचवा हिस्सा. सिग्नलच्या काठावर बसलात की आधी तुमचं बोलणं गळायला लागतं.

कान देऊन ऐकलं तर यातही फरक कळतो. माइकच्या जाळीत कचरा असेल तर आवाज दबका, लांबून आल्यासारखा जातो, पण शब्द पुरे जातात. नेटवर्क कमी पडलं तर आवाज खणखणीत असतो, मधले शब्द मात्र गायब होतात. समोरच्याला नेमकं काय ऐकू येतं ते विचारून घ्या.

आता सिम बदलायची चाचणी. माझ्या मानेवाड्याच्या वहिनीकडे गेल्या मे महिन्यात केली होती, तीच सांगतो. वहिनीचं म्हणणं, "आवाज कापून राहिला म्हणते आई, तिचा मात्र मला बरोबर येते." एका दुकानात तिला चार्जिंग पट्टी बदलून दिली होती, कारण साध्या फोनमध्ये खालचा माइक त्याच पट्टीवर असतो. फरक शून्य.

दादाचा फोन वेगळ्या कंपनीच्या सिमचा होता, ते कामाला आलं. स्वयंपाकघरात, जिथे त्रास व्हायचा तिथेच, ओट्याजवळ उभं राहून कॉल केले. कूलर बंद ठेवला, कारण मागे घरघर असली की फोन ती दाबायला जातो आणि सोबत बोलणंही कापतो. ऐकणारा माणूस एकच ठेवला, माझा भाचा, तोही एकाच जागी बसून. वहिनीने प्रत्येक कॉलवर एक ते तीस आकडे सावकाश मोजायचे आणि भाच्याने ऐकू न आलेले आकडे कागदावर लिहायचे, असं ठरलं. "बरा येतोय", "थोडा खराब" यावर भांडण होतं, आकड्यांवर होत नाही.

वहिनीच्या फोनमध्ये वहिनीचं सिम: सात आकडे गळाले. मग तेच सिम दादाच्या फोनमध्ये घातलं: तिसांतले तीस आले. दादा म्हणाला, झालं, तुझा फोनच गेला. कोणीही हेच म्हटलं असतं, आणि नवीन फोन आणला असता.

पण दादाच्या फोनच्या वरच्या पट्टीत वाय-फाय कॉलिंगचं चिन्ह दिसत होतं. म्हणजे तो कॉल टॉवरवर गेलाच नव्हता, घरच्या ब्रॉडबँडवरून गेला होता. वहिनीच्या फोनमध्ये ती सोय बंद होती. दोन्ही फोनचं वाय-फाय बंद केलं, दोन्हीकडे VoLTE, म्हणजे 4G वरूनच कॉल जायची सोय, चालू आहे याची खात्री केली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. वहिनीचा फोन, तिचं सिम: सहा गळाले. दादाचा फोन, तिचं सिम: पाच. दादाचं सिम वहिनीच्या फोनमध्ये: एकही नाही. दादाचा फोन, दादाचं सिम: एकही नाही. दोष सिमसोबत फिरला, फोनसोबत नाही. वहिनीचा फोन ठणठणीत होता.

सिमसोबत फिरला म्हणून सिम कार्डच खराब, असं लगेच समजू नका. कार्ड खराब झालं तर सहसा फोन त्याला ओळखतच नाही, शब्द गळत नाहीत. ते वेगळं काढायला शेजारच्या काकूंचं त्याच कंपनीचं सिम मागितलं. त्यावरही चार आकडे गेले. म्हणजे त्या कोपऱ्यात त्या कंपनीचा सिग्नलच कमी. मग फोनच्या सेटिंगमध्ये About phone, त्यात SIM status उघडून Signal strength पाहिलं. ओट्याजवळ -117 dBm, गच्चीवर -98. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. 4G वर -110 च्या खाली गेलं की बोलण्यात अडचण येऊ लागते. वरच्या दांड्या बघून दोन फोनची तुलना करू नका, कारण किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. आकडाही दोन्ही फोन 4G वर असतानाच ताडून बघा. एक 2G वर असेल तर मोजमापच वेगळं होतं.

वहिनीच्या फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून दिलं. आता ती ओट्याजवळूनच आईशी तासभर बोलते.

तुमच्याकडे उलटं निघू शकतं: दोन्ही सिमवर तुमचाच फोन आकडे गाळतो आणि दुसरा फोन त्याच जागी स्वच्छ चालतो. तेव्हा दोष फोनमध्ये. आधी कव्हर काढून बघा. फोनच्या वरच्या बाजूला दुसरं बारीक छिद्र असतं, तो आजूबाजूचा गोंगाट कापायचा माइक. कव्हरने ते झाकलं की फोनचा हिशेब चुकतो आणि तुमचाच आवाज गोंगाट म्हणून दाबला जातो. मग माइकवाला वायरचा इअरफोन लावून आकडे मोजा. सगळे आकडे समोरच्यापर्यंत पोचले तर फोनचा माइक बदलायचा. तरीही गळत असतील, आणि एकाच सिमवर, एकाच जागी तुमच्या फोनचा dBm दुसऱ्यापेक्षा दहा-पंधराने खाली असेल, तर अँटेना बघायला लावा. फोन आपटला असेल किंवा आधी कुठे उघडला असेल तर मुख्य बोर्डापासून खालच्या पट्टीपर्यंत जाणारी बारीक काळी वायर नीट दाबून बसलेली नसते. माझ्याकडे अशी वायर बसवून कित्येक फोन दहा मिनिटांत परत गेले आहेत. कारागिराला त्या वायरबद्दल स्पष्ट विचारा.

सिम काढण्याआधी एक काळजी घ्या. अदलाबदल चालू असताना UPI चं ॲप उघडू नका. ते नंबर त्या फोनच्या सिमशी ताडून बघतं आणि पुन्हा नोंदणी करायला लावू शकतं. सिम जागच्या जागी परत गेली की मगच उघडा. eSIM असेल तर अदलाबदल जमणार नाही, तेव्हा दुसऱ्याचं साधं सिम तुमच्या फोनच्या रिकाम्या खाचेत घालून तेवढाच भाग तपासा.

दोष नेटवर्कचा निघाला तर 198 वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. "आवाज तुटतो" एवढंच सांगितलं तर फोन बंद करून चालू करा म्हणतील. त्याऐवजी सांगा की हेच सिम दोन फोनमध्ये घालून बघितलं, दोन्हीकडे तोच त्रास, वाय-फाय बंद होतं, घरातल्या या खोलीत सिग्नल इतका आहे, आणि त्याच खोलीत दुसऱ्या कंपनीचं सिम स्वच्छ चालतं. आकड्यांचा तो कागद समोर ठेवूनच फोन लावा.