न फोडलेल्या पाकिटांचा ढीग

घरात बिलांची न फोडलेली पाकिटं साठली असतील, तर पहिल्या बैठकीत एक रुपयाही भरू नका. फक्त पाकिटं फोडा, रिकामी पाकिटं लगेच रद्दीत टाका आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीने शेवटची तारीख लिहा. अर्धा तास झाला की उठा. भीती आकड्याची कमी आणि बंद पाकिटाची जास्त असते, असं माझं मत.

आता एकाच ग्राहक क्रमांकाची बिलं एकत्र करा. समजा, तुमच्या सिडकोतल्या फ्लॅटची महावितरणची सहा बिलं साठलीत. काम सहा बिलांचं नाही, एकाचंच आहे. ताज्या बिलात मागची थकबाकी जोडलेली असते, त्यामुळे तेवढंच वर ठेवा. जुनी फक्त पडताळणीपुरती, मध्येच भरलेली एखादी रक्कम वजा झाली आहे का ते पाहायला. नाशिक महापालिकेच्या घरपट्टीतही आधी थकबाकीचा रकाना बघा.

नोटीस मात्र वेगळी काढा. वीज कायदा २००३ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून दुसऱ्या बैठकीत नोटीस आधी. पूर्ण रक्कम जमत नसेल तर ते दिवस संपायच्या आत कार्यालयात जाऊन हप्ते मागा, आणि ठरलेलं लेखी घ्या. शक्यतो सोबत कुणाला तरी न्या, नुसतं शेजारी बसायला.