सणाआधीच्या सफाईचं कॅप्शन: आधी दर, मग बाकी सगळं

तुमच्या घरसफाई सेवेच्या इन्स्टाग्राम कॅप्शनचा मसुदा वाचला. काम चांगलं करता हे कळतं, पण दर सातव्या ओळीत आहे. इन्स्टाग्रामवर ‘आणखी’ दाबण्याआधी जेमतेम दोन ओळी दिसतात. शुभेच्छा शेवटी टाका, सुरुवात अशी करा: ‘दोन बेडरूमच्या घराची सखोल सफाई, इतके रुपये, इतक्या तारखेपर्यंत.’

‘अमुकपासून पुढे’ असा दर लिहू नका. सगळे खालचाच आकडा धरून बसतात आणि दारात वाद होतो. घराच्या आकारानुसार तीन ठोक दर द्या आणि लगेच खाली काय धरलेलं नाही ते लिहा. भांडणं बहुतेक तिथेच होतात: कपाटं आतून, खिडक्यांची बाहेरची बाजू, सोफा धुणं.

वेळा लिहिताना हिशोब करा. तिघांना एका घराला सहा तास लागत असतील, तर त्या टीमचं दिवसाला एकच घर होतं. तुम्ही सकाळ आणि दुपार असे दोन स्लॉट दिलेत. सकाळचं स्वयंपाकघर चिकट निघालं, की दुपारचं गिऱ्हाईक ताटकळणार. दोन टीम असतील, तर रोज दोनच घरं घ्या आणि भरलेल्या तारखा कॅप्शनमधून काढत राहा.

बुकिंगचा मार्ग एकच ठेवा. कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही, म्हणून व्हॉट्सअ‍ॅप नंबर लिहा आणि मेसेजमध्ये काय हवं तेही सांगा:

- घराचा आकार आणि परिसर
- हवी ती तारीख
- ओटा आणि चिमणीचा फोटो

फोटोवरून चिकटपणा आधीच कळतो. आगाऊ रक्कम घेत असाल, तर ती परत कधी मिळेल तेही तिथेच लिहा.