बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं नाही

प्रश्न: आमच्या आबाजींचं परवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, टाके नाहीत. दोन थेंबांच्या बाटल्या दिल्या. कोणती किती दिवस टाकायची? आंघोळ कधी, झोपायचं कसं, वावरात कधी जाऊ द्यायचं?

ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात बरीच वर्षं काढली, त्यावरून सांगतो. तुमच्या डिस्चार्ज कागदावर वेगळं लिहिलं असेल तर कागदच खरा.

दोन बाटल्यांपैकी एक बहुधा जंतुनाशक असते, मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखी. ती दिवसातून चारदा, एक-दोन आठवडे टाकून बंद होते. दुसरी स्टेरॉइडची, सूज उतरवणारी. घोळ होतो तो हिच्यात, कारण ती हळूहळू कमी करत न्यायची असते. सहसा पहिला आठवडा दिवसाला सहा थेंब, दुसरा पाच, तिसरा चार, असं उतरत सहाव्या आठवड्यात एक.

आता हिशेब करा. सहा आठवड्यांचे झाले १४७ थेंब. ५ मिलीच्या बाटलीत साधारण शंभर ते दीडशे निघतात, त्यातले काही गालावर जातात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाटली कोरडी पडते आणि घरचे समजतात, दवाई संपली. उरली तरी उघडून महिना झालेली बाटली वापरत नाहीत. तेव्हा दुसरी आत्ताच आणून ठेवा.

माझ्या मोठ्या मायनं तर बाटली संपायचीही वाट पाहिली नाही. बाराव्या दिवशी म्हणाली, “आता त दिसते ना बराबर, मंग दवाई कायले?” मी ड्युटीवर, घरी कोणी अडवलं नाही. सोळाव्या दिवशी डोळा लाल, उजेड सहन होईना, समोरचं धुरकट. आतली सूज उलटून आली होती. डॉक्टरांनी थेंब दर तासाला सुरू केले, मग पुन्हा पहिल्यापासून उतरवत आणले. डोळा वाचला, पण सहा आठवड्यांचं काम अडीच महिन्यांवर गेलं. दिसणं सुधारतं ते नव्या भिंगामुळे. आतली सूज त्यानंतरही आठवडे राहते, आणि ती दिसत नाही.

म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक आठवड्याचा आकडा आजच लिहा आणि थेंब टाकला की रेघ मारा. सहा वेळा म्हणजे सकाळी सहा, नऊ, बारा, तीन, सहा आणि रात्री नऊ. टाकणाऱ्यानं आधी साबणानं हात धुवायचे. स्टेरॉइडची दवाई ताकासारखी पांढरी असेल तर नीट हलवा, कारण औषध तळाशी बसतं आणि न हलवता नुसतं पाणीच डोळ्यात जातं. खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक कशालाही लागू द्यायचं नाही. दोन दवायांत पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरी पहिलीला धुऊन काढते.

टाका नाही म्हणजे जखम नाही असं नाही. ती आतल्या दाबानं आपोआप मिटून राहते, म्हणून डोळा चोळणं आणि कचरापाणी आत जाणं टाळायचं. गळ्याखाली आंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते. चेहरा ओल्या स्वच्छ कपड्यानं पुसायचा. डोक्यावरून पाणी साधारण दोन आठवड्यांनी, तेही मान मागे टाकून दुसऱ्यानं ओतायचं. नदीवर महिनाभर नाही.

झोपताना उताणं किंवा दुसऱ्या डोळ्याच्या कुशीवर. रात्री प्लास्टिकची जाळीदार वाटी निदान आठवडाभर चिकटवा. बाजेवर शेजारी नातू झोपत असेल तर त्याची जागा बदला. झोपेत लागलेला पोराचा हात मी दोनदा पाहिला आहे, गंमत नसते ती.

घरात फिरणं, जेवणं, टीव्ही, सगळं चालतं. पहिला महिना खाली वाकून काम नाही, पाच किलोवर वजन नाही. पाण्याची गुंडी आणि कापसाचं गाठोडं यातच आलं. संडासला कुंथावं लागत असेल तर डॉक्टरांना सांगून औषध घ्या. चुलीच्या धुरापासून दूर बसवा. वावरात जायचं ते शेवटच्या तपासणीनंतर, चष्मा लावून. पऱ्हाटीचा फाटा नेमका डोळ्यावरच येतो.

मध, गुलाबपाणी, कोणी सांगितलेला झाडपाला डोळ्यात घालू नका. आणि पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, कालच्यापेक्षा आज कमी दिसू लागलं किंवा पू आला, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. आतला जंतुसंसर्ग असला तर तासागणिक नजर जाते. रात्र असली तरी गाडी पाहा आणि जिथे ऑपरेशन झालं तिथे न्या.